"आज तू आण" एवढ्याने का भागत नाही

मुलांना शाळेतून कोण आणणार हे ठरवताना नवरा-बायकोने सविस्तर मेसेज पाठवावा आणि समोरच्याने त्याला स्पष्ट उत्तर द्यावे, असे मी लिहिले होते. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "नवरा-बायकोने एकमेकांना असे अर्जवजा मेसेज पाठवायचे म्हणजे घराचे ऑफिसच करायचे. आम्ही 'आज तू आण' एवढेच लिहितो आणि ते पुरते. समोरच्याने वाचले की निळ्या टिका दिसतातच, मग उत्तराचा आग्रह कशासाठी?"

नमस्कार. रोजचा क्रम सुरळीत चालू असतो तेव्हा आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तेव्हा मेसेजचीही गरज नसते. मी लिहिले ते क्रम मोडतो त्या दिवसाबद्दल. त्या दिवशी एकाला बदल ठाऊक असतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात जुनाच क्रम चालू असतो, त्यामुळे तेच तीन शब्द दोघे वेगळ्या अर्थाने वाचतात.

असे समजा की सोलापुरात आई नवी पेठेत नोकरीला आहे आणि वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत. धाकटी विजापूर रस्त्यावरच्या शाळेतून दुपारी साडेबाराला सुटते आणि रिक्षाने घरी येते. थोरला संध्याकाळी क्लासहून येतो, त्याला कधी आई आणते, कधी वडील. सकाळी रिक्षाकाकांचा आईला फोन येतो की रिक्षा बिघडली आहे, आज जमणार नाही. आई लिहिते, "आज तू आण." धाकटी तर रिक्षाने येतेच, तेव्हा हे थोरल्याबद्दलच असणार, असे समजून वडील "हो" म्हणतात. मेसेज गेला, वाचला गेला, होकारही आला, आणि तरीही साडेबाराला गेटवर मुलीसाठी कोणी नाही. यात निष्काळजी कोणीच नाही. मेसेजमध्ये मुलाचे नाव, वेळ आणि बदलाचे कारण नव्हते, एवढेच.

तोच मेसेज मी असा लिहीन:

"आज बुधवार. रिक्षाकाका येणार नाहीत. धाकटीला दुपारी १२:३० ला शाळेच्या मागच्या गेटवरून तू आणशील का? ११:३० पर्यंत कळव. उत्तर नाही आले तर मी निघते."

हा वाचायला फारसा वेळ लागत नाही. वार लिहिला की उशिरा उघडलेल्या मेसेजमधला "आज" कोणता, हा घोळ राहत नाही. रिक्षा येणार नाही हे कारण केवळ माहितीसाठी नाही. जुना क्रम आज बंद आहे हे त्यावरूनच कळते. गेट लिहायचे, कारण दोन गेटांच्या शाळेत एकीकडे बाप आणि दुसरीकडे लेक उभी, असे सहज होते, आणि सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात ती दहा मिनिटेही मुलाला फार होतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शेवटचे वाक्य आहे. समोरच्याने स्पष्ट शब्दांत स्वीकारेपर्यंत मुलाला आणण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याकडेच राहते, हे त्यातून ठरते. निळ्या टिकांवरून मेसेज उघडला गेला एवढेच समजते. वाचणाऱ्याला जमणार आहे का, हे समजत नाही. ती सोय बंद ठेवलेली असेल तर वाचूनही टिका निळ्या होत नाहीत. शिवाय मागांच्या खडखडाटात खिशातल्या फोनची रिंग ऐकू येत नाही, हे सोलापूरकरांना मी वेगळे सांगायला नको. म्हणून ११:३० ही वेळ अशी निवडायची की उत्तर न आल्यास आईला परवानगी मागून, नवी पेठेतून निघून, वेळेत पोहोचता यावे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाकडचे रस्ते गर्दीने भरतात, तेव्हा ती आणखी अलीकडे ओढावी.

उत्तरही नुसते "हो" नसावे. "धाकटी, १२:३०, मागचे गेट, मी जातो" असे आले की गैरसमज असेल तर तो तिथेच उघडा पडतो. वरच्या प्रसंगात वडिलांनी "थोरल्याला मी आणतो" एवढे जरी लिहिले असते, तरी आईच्या लगेच लक्षात आले असते. ठरल्यावर पुन्हा बदल झाला तर "बरं, मग अर्ध्या तासाने" असे तुकडे जोडू नयेत. "आधीचा मेसेज रद्द" असे लिहून संपूर्ण मजकूर नव्याने पाठवावा, म्हणजे कोणालाही वर सरकवत शोधावे लागत नाही.

दुसऱ्या पालकांना विनंती करताना मात्र आपण म्हणता तो औपचारिकपणा मी मुद्दाम ठेवते. "ताई, आज १२:३० ला आमच्या धाकटीला तुमच्या मुलीबरोबर घरी नेऊ शकाल का? मी दीडपर्यंत तुमच्याकडे येऊन तिला घेऊन जाईन. जमत नसेल तर निःसंकोच सांगा, मी येऊ शकते." असा मेसेज वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये, त्यांनाच स्वतंत्र पाठवावा, ग्रुपवर प्रत्येकाला वाटते की दुसरे कोणी तरी नेईल. त्यांचा होकार आल्यावर वर्गशिक्षिकांना, कोण नेणार त्यांचे नाव आणि त्या कोणाच्या आई आहेत, हे कळवावे आणि निरोप मुलीपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी. तसे केले नाही तर शाळा तिला सोडणार नाही, आणि सोडली तरी घरच्यांशिवाय कोणाबरोबर जायचे नाही, ही आपणच लावलेली शिस्त पाळून ती गेटवरच थांबेल.