12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी ठणठणीत?

दावा: “मीटरवर 12.6 व्होल्ट दिसले म्हणजे कारची बॅटरी ठणठणीत आहे.”

हे चूक आहे. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे बॅटरीचा आतला रोध त्यात दिसत नाही. भार लागला की करंट गुणिले रोध इतके व्होल्ट आतच खर्च होतात. प्लेटवर सल्फेट साचलं, की हा रोध वाढतो.

अंदाज काढायला दोन भार लावा. समजा 5 अँपिअरला 12.45 व्होल्ट आले आणि 25 अँपिअरला 11.85. फरक 0.6 व्होल्ट, भागिले 20 अँपिअर, म्हणजे 0.03 ओहम. स्टार्टरने 150 अँपिअर ओढले तर 4.5 व्होल्ट आतच जातील आणि बाहेर जेमतेम 8 उरतील! प्रोब मात्र थेट बॅटरीच्या खांबांवर टेकवा, क्लॅम्पवर नको. नाहीतर गंजलेल्या जोडाचा रोधही त्यात मिसळतो.