चाळीस मिनिटांची एकांकिका आणि आठ ठोकळे

ऑगस्ट आला की फोन सुरू होतात. 'दादा, तालमीला येऊन जा ना एकदा.' पुण्यात 'पुरुषोत्तम' एकांकिका स्पर्धेचं वातावरण तापलेलं असतं, भरत नाट्य मंदिराबाहेर 'आवाज कुणाचा' सुरू व्हायची वेळ जवळ येते आणि कुठल्यातरी कॉलेजच्या जिन्याखाली पोरं घामाघूम होऊन मला विचारतात, एकांकिका वेळेत कशी बसवायची? यंदा तीन तालमी पाहिल्या. तिन्ही ठिकाणी स्टेजवर काळे ठोकळे, आणि तिन्ही ठिकाणी मला एकच वाक्य ऐकवलं गेलं, 'आपला सेट एकदम मिनिमल आहे.'

नाहीये रे बाळांनो. आठ ठोकळे दर प्रवेशाला इकडून तिकडे हलवायचे असतील तर तो मिनिमल सेट नाही, ती हमाली आहे.

हे मी अधिकाराने सांगतोय, कारण ही हमाली मी स्वतः केली आहे. दुसऱ्या वर्षाला होतो. दोन भाऊ आणि वडिलांच्या घराची वाटणी अशी आमची एकांकिका. स्पर्धा कुठली ते सोडा, वेळ चाळीस मिनिटं. संहितेत नऊ प्रवेश: ओसरी, स्वयंपाकघर, तलाठ्याचं ऑफिस, पुन्हा ओसरी, एसटी स्टँड वगैरे. नेपथ्य म्हणजे आठ ठोकळे आणि दाराची एक चौकट. टेम्पोचे पैसे वाचले म्हणून खूश होतो.

पहिल्या वाचनाला घड्याळ लावलं तर एकतीस मिनिटं. आम्ही निर्धास्त. उभं राहून रन थ्रू केला तर छत्तीस, कारण माणूस बसून वाचतो तेव्हा त्याला दार उघडायचं नसतं, पाणी प्यायचं नसतं, भावाकडे बघून गप्प राहायचं नसतं. तरी चार मिनिटं हातात होती. मग ग्राउंडवरून खऱ्या स्टेजवर गेलो आणि ब्लॅकआऊट घेतले. नऊ प्रवेश म्हणजे आठ ब्लॅकआऊट. अंधारात ठोकळे उचला, खुणेच्या टेपवर ठेवा, चौकट फिरवा, नट जागेवर, दिवे. प्रत्येकी पंचवीस सेकंद. आठ गुणिले पंचवीस, दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. बेरीज एकोणचाळीस वीस. दिग्दर्शक म्हणाला, 'बसली!'

त्यात प्रेक्षक धरलेलेच नव्हते. प्रयोगात दारुड्या मामाची एन्ट्री झाली आणि थिएटर हसायचं थांबेना. मामा करणारा पोरगा मुरलेला, त्याने हशा पूर्ण ओसरू दिला. बरोबरच केलं, हशावर वाक्य टाकलं तर ते फुकट जातं. असे पाच-सहा हशे झाले. तिसऱ्या ब्लॅकआऊटला एक ठोकळा विंगेच्या कापडात अडकला. बहिणीचं शेवटचं वाक्य शिल्लक असताना पडदा आला. ते वाक्य ती पडद्यामागे बोलली, आम्हा आठ जणांसाठी. बाद झालो. आयोजकांचं काही चुकलं नव्हतं, नियम आधीच हातात होता.

तेव्हा भांडलो होतो. पाच-सहा वर्षांनी तीच संहिता ज्युनियर्ससाठी काढली, तेव्हा वेळ कुठे जाते ते नीट दिसलं. वाक्यांत फार कमी जाते. ती जाते वाक्यांच्या फटींत आणि अंधारात.

आधी अंधार. आम्ही आठही ठोकळे काढले, चौकट काढली आणि मधोमध एक खाट ठेवली. ती हलवायची नाही. खाटेवर बसलं की ओसरी. धाकट्याची बायको खाटेच्या कडेला जमिनीवर बसून निवडायला लागली की स्वयंपाकघर. तलाठी खाटेवर पाय दुमडून बसला, दोन्ही भाऊ समोर उभे राहिले, झालं ऑफिस. तिथे टेबल नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तलाठी कागदावरून मान वर करत नव्हता. शेवटच्या वादात थोरला खाट आडवी उभी करतो आणि ती दोघांमधली भिंत होते. पूर्ण प्रयोगात ती एवढी एकदाच हलते, म्हणून ती हालचाल अंगावर येते. (खाटेची तिरडी करायचा मोह झाला होता. आवरला. दर वर्षी किमान दोन एकांकिकांत कशाची ना कशाची तिरडी होतेच.)

प्रवेश बदलायला अंधार लागला नाही. थोरला ओसरीतून 'उद्या तलाठ्याकडे जातो' म्हणत वळतो, तोवर तलाठी येऊन बसलेला असतो आणि त्याचं पहिलं वाक्य थोरल्याच्या शेवटच्या शब्दाला लागूनच येतं. आठचा एक ब्लॅकआऊट राहिला, तोही वडील गेल्यानंतरचा. तीन मिनिटांच्या आसपास वेळ एक वाक्य न कापता मिळाला. एसटी स्टँडचा प्रवेश मात्र उडवला. तो फक्त थोरला शहरातून आला हे सांगायला होता, आणि ते त्याच्या हातातली बॅग सांगत होती.

आता फटी. वेळ कमी पडली की दिग्दर्शक ओरडतो, 'फास्ट घ्या!' पोरं शब्द खायला लागतात, शेवटच्या रांगेला काही कळत नाही आणि वाचतं अर्धं मिनिट. समोरच्याचं वाक्य संपल्यावर आपलं सुरू व्हायला किती वेळ लागतो ते बघा. एकांकिकेत साधारण चारशे वाक्यं धरली आणि प्रत्येकामागे नकळत अर्धा सेकंद गेला, तरी पुन्हा दोनशे सेकंद. नट समोरच्याचं ऐकत नसतो, आपल्या पाळीची वाट बघत असतो, म्हणून हा अर्धा सेकंद जातो. डोळे मिटून तालीम ऐका. प्रत्येक वाक्यामागची फट ऐकू येईल. समोरच्याच्या शेवटच्या शब्दाला लागून क्यू उचलले की बोलण्याचा वेग तोच ठेवूनही प्रयोग आवळतो, आणि जिथे खरा पॉझ हवा तिथे तो ऐकू येतो. वाचवलेली मिनिटं मी तिथेच खर्च करतो. वाटणीच्या कागदावर सही करण्याआधी थोरला पेनाचं टोपण काढतो आणि परत लावतो, तिथे आम्ही अकरा सेकंद घेतले होते.

आणखी एक. वेळ नेमकी कुठून मोजतात ते आयोजकांना विचारा. पडदा उघडल्यापासून धरत असतील तर तुमचं सव्वा मिनिटाचं थीम म्युझिकही त्यातच जातं. स्टॉपवॉच नटाच्या हातात नको, दिग्दर्शकाच्या तर नकोच, तो लाडक्या प्रवेशाला घड्याळ बघायला विसरतो. बॅकस्टेजच्या एका मुलीकडे संहिता द्यायची आणि तिने समासात तीन खुणा करायच्या: मामाची एन्ट्री नऊ मिनिटांवर, वडिलांचा प्रवेश एकवीसवर, कागद बाहेर येतो तो तिसावर. तिसऱ्या खुणेला एक मिनिट उशीर असेल तर ती विंगेतून धाकट्याला दिसेल असा रुमाल धरते आणि तो ठरलेलं अर्धं पान गाळून पुढे जातो. हे गाळणं चार-पाच वेळा तालमीत झालेलं हवं, नाहीतर समोरचा नट ते अर्धं पान शोधत बसतो.

चाळीसची मर्यादा असेल तर मी रिकाम्या हॉलमधला शेवटचा रन छत्तीसच्या वर जाऊ देत नाही. गंभीर एकांकिका असेल तर सदतीस. उरलेली मिनिटं हशांची, टाळ्यांची आणि अडकणाऱ्या कापडाची.

यंदाच्या पोरांनी काळे ठोकळे आठवरून दोनवर आणलेत. काल रात्री मेसेज आला, 'दादा, एक खिडकी ठेवू का? लहानशीच आहे.' मी विचारलं, ती आत कोण आणणार आणि बाहेर कोण नेणार? दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.