मे महिन्याचा तोटा आणि नानांचं पत्र

पत्र कट्ट्यावर मोठ्याने वाचायला नको होतं, असं पक्याचं अजूनही म्हणणं आहे. त्याचं असणारच. रोहनच्या दुकानाचा गाळा भाड्याने लावून देण्याची तयारी त्याने आठवडाभर आधीच सुरू केली होती, आणि नानांच्या चार पानांनी त्यावर पाणी पडलं.

लालबागच्या या कोपऱ्यावर रोहनचं स्टेशनरीचं दुकान सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल सांगत बसत नाही. मे महिन्याचं नफातोटा पत्रक हातात आलं आणि पोरगा दोन दिवस जेवला नाही, एवढं पुरे. खाली लिहिलं होतं, निव्वळ तोटा ३,२८,०००. नाना तेव्हा गावी. फोनवर हिशेब समजावणं त्यांना पटत नाही, म्हणून त्यांनी ते पत्रक मागवून घेतलं आणि येणाऱ्या माणसाच्या हाती उत्तर पाठवलं. गिरणीच्या हिशेब खात्यात होते, ८२च्या संपानंतर मस्जिद बंदरला एका घाऊक पेढीत वह्या लिहिल्या. अक्षर अजून तसंच, ओळीवर बसलेलं.

पक्याने सुरुवातच केली, "तीन लाखांचा खड्डा आहे. पत्राने भरतो का? मी सांगतो, गाळा दे, महिन्याला घरबसल्या भाडं घे. बिझनेस सगळ्यांना जमत नाही."

"पक्या, तू आधी पत्रक बघितलंस का?" वैशालीताईने विचारलं. ती एका कंपनीत अकाउंट्स बघते. कट्ट्यावर क्वचित बसते, पण बसली की नीट बसते.

"शेवटची ओळ बघितली. शेवटच्या ओळीवरच सगळं असतं."

"नानांनी पहिलंच वाक्य काय लिहिलंय ऐक," असं म्हणून रोहनने वाचलं: "शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू नकोस. वरून तिसरी ओळ बघ. महिन्याच्या सुरुवातीला माल ४,००,०००, शेवटीही माल ४,००,०००. मध्ये तू ५,६०,००० ची खरेदी केलीस आणि विक्री झाली ३,००,०००. मग उरलेला माल गेला कुठे?"

कट्ट्यावर कोणी बोलेना. माल कुठे होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जून उजाडायच्या आत शाळेचा माल भरावा म्हणून रोहन मे महिन्यात अब्दुल रेहमान स्ट्रीटला तीनदा तरी टेम्पो घेऊन गेला होता. वह्यांचे गठ्ठे पोटमाळ्यावर मावले नाहीत म्हणून निम्मे आमच्या जिन्याखाली ठेवले होते. आम्ही चपला काढायच्या त्या वह्यांना वळसा घालून.

झालं होतं असं. हिशेब लिहून देणाऱ्याने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदी टाकली, विक्री टाकली, खर्च टाकला. पण महिनाअखेरचा माल टॅली स्वतःहून मोजत नाही. मालाच्या नोंदी आयटमवार ठेवल्या नसतील, तर स्टॉकच्या लेजरमध्ये महिन्याच्या शेवटच्या तारखेला आकडा हाताने टाकावा लागतो. तो टाकला नाही, म्हणून सुरुवातीचाच आकडा शेवटीही आला. आख्खी खरेदी विकून संपली, असा त्या पत्रकाचा अर्थ झाला. ५,६०,००० चा माल ३,००,००० ला विकला, म्हणजे मालावरच २,६०,००० गेले, आणि वर दुकानाचा खर्च ६८,०००.

"म्हणजे जिन्याखालच्या वह्या हिशेबाला दिसल्याच नाहीत," बंड्या म्हणाला.

"दिसल्या असत्या तर तुझ्या चपलाही क्लोजिंग स्टॉकमध्ये लागल्या असत्या," वैशालीताई म्हणाली.

आता खरा मुद्दा. नानांनी मे संपायच्या आधीच रोहनला सांगून ठेवलं होतं की ३१ तारखेला रात्री माल मोज. त्याने आणि त्याच्या आईने तो मोजलाही, वही भरली, आणि ती वही गल्ल्याखाली ठेवली. हिशेबवाल्याला दिलीच नाही. पत्रक आल्यावर ती आठवली. त्यात बेरीज होती ११,००,०००.

पक्या उडालाच. "अकरा लाख! मग टाक ना अकरा लाख. तोटा गायब!"

आणि खरंच, टाकून बघितलं तर गायबच होतो. सुरुवातीचे ४,००,००० अधिक खरेदी ५,६०,००० म्हणजे ९,६०,०००, आणि शेवटी उरला ११,००,००० चा माल. विकलेल्या मालाची किंमत शून्याच्याही खाली जाते. ३,००,००० च्या विक्रीवर ४,४०,००० चा ढोबळ नफा, दुकानाचा खर्च वजा करूनही ३,७२,०००! वैशालीताईने मोबाइलवर हिशेब करून आकडा दाखवला आणि विचारलं, "विक्रीपेक्षा नफा जास्त. पक्या, असा धंदा कुठे मिळतो? मीपण नोकरी सोडते."

चूक अशी, की रोहनने माल छापील किमतीने मोजला होता. पाकिटावर ६० रुपये दिसले, ६० लिहिले. नानांचं वाक्य इथे जसंच्या तसं देतो: "विकला न गेलेला माल म्हणजे तुझे अडकलेले पैसे. जेवढे दिलेस तेवढेच अडकलेत. छापील किमतीतला तुझा नफा गिऱ्हाईक पैसे देईल तेव्हा होईल, आज नाही." म्हणून प्रत्येक वस्तू खरेदीच्या बिलाच्या भावाने लावायची. तसं लावल्यावर ११,००,००० चे झाले ७,६०,०००. त्यातही गेल्या वर्षीच्या डायऱ्या होत्या, खरेदी १२,०००. त्या आता रद्दीतच जाणार, २,००० आले तर आले. तर २,०००च धरायचे. माल खरेदीच्या भावाने किंवा आज जे येईल त्या भावाने, दोहोंत जे कमी असेल त्याने. उरले ७,५०,०००.

मग पत्रक काय सांगतं? ४,००,००० अधिक ५,६०,००० वजा ७,५०,००० म्हणजे विकलेला माल २,१०,००० चा. विक्री ३,००,०००. ढोबळ नफा ९०,०००, विक्रीच्या तीस टक्के. दुकानाचा खर्च ६८,००० वजा केला, निव्वळ नफा २२,०००.

एकाच महिन्याची तीन उत्तरं निघाली. ३,२८,००० तोटा, ३,७२,००० नफा आणि २२,००० नफा. विक्री तीच, बिलं तीच, भाडं तेच. फरक फक्त शेवटच्या रात्री माल कसा मोजला याचा. मला हे पत्र सगळ्या दुकानदारांना वाचून दाखवावंसं वाटतं ते यासाठीच. माणसं नफ्यासाठी विक्रीचा आकडा घोकत बसतात आणि मालाच्या मोजणीला कंटाळतात.

पक्या एवढ्याने गप्प बसणारा नाही. "अरे, मग बँकेला दाखवायला थोडा जास्त टाकायचा. साडेसातचे नऊ. नफा वाढेल, लोन वाढेल. सगळे करतात."

"आणि जूनचा ओपनिंग स्टॉक कोण भरणार, तू?" वैशालीताई म्हणाली. "मे महिन्याचा शेवट हाच जूनची सुरुवात असते. आज दीड लाख फुगवलेस, तर जूनमध्ये तो दीड लाखांचा माल विकला गेला असं पत्रक धरणार, कारण तो मोजणीला सापडणारच नाही. मेमध्ये हसायचं ते जूनमध्ये रडायचं. नाहीतर जूनमध्ये परत फुगवायचं, आणि जुलैत त्याहून जास्त."

"तू बँकवाल्यांसारखी बोलतेस."

"तू मंडळाच्या खजिनदारासारखा बोलतोस."

हे लागलं. पक्या ज्या वर्षी मंडळाचा खजिनदार होता, त्या वर्षीच्या जमाखर्चात 'किरकोळ खर्च १८,०००' अशी एक ओळ होती. आजपर्यंत त्या ओळीचा खुलासा झालेला नाही. पक्या म्हणतो नारळ आणि फुलं. बंड्याचा हिशेब असा, की तेवढ्या पैशांत विसर्जनाच्या आख्ख्या मिरवणुकीला नारळ पुरला असता. यावर दहा मिनिटं गेली, आणि दोन जुने वाद पुन्हा निघाले, त्यातला एक मंडपाच्या बांबूंचा.

रोहनने मग पत्राचं तिसरं पान काढलं. पक्या सोडून सगळ्यांना तेच जास्त लागलं. नाना लिहितात: "२२,००० बघून खूश होऊ नकोस. या पत्रकात तुझा पगार नाही. मालकाने गल्ल्यातून काढलेले पैसे खर्च नसतात, ती उचल असते. तुझी आई दुपारी एक ते पाच काउंटरवर बसते, तिचा पगारही यात नाही. उद्या तिचे गुडघे दुखले आणि माणूस ठेवावा लागला, तर यातले निम्मे जातील. दुसरं, बँकेचा हप्ता १७,००० जातो, पत्रकात फक्त व्याजाचे ६,००० आहेत. ११,००० मुद्दल आहे, ते खर्चात येत नाही पण खिशातून जातं."

म्हणजे हातात राहतात ११,०००, दोन माणसांच्या महिनाभराच्या कामाचे.

"तेही हातात नाहीत," रोहन म्हणाला. "खात्यात तीन हजार आहेत."

"कसे असतील?" वैशालीताई म्हणाली. "माल चार लाखांचा साडेसात लाखांचा झाला. साडेतीन लाख वह्यांत आहेत. त्यातले किती व्यापाऱ्याचे उधार आहेत आणि किती तुझे, ते नफातोटा पत्रकात दिसत नाही. ताळेबंद मागून घे."

"मग नफा झाला की नाही झाला?" बंड्याचा प्रश्न साधा होता.

"झाला. जिन्याखाली पडलाय."

मी विचारलं, की दर महिन्याला एवढं दुकान मोजणार कसं? खोडरबर, टाचण्या, पेनातल्या रिफिली? त्याचंही उत्तर पत्रात होतं. वह्या, दप्तरं, कंपासपेट्या, भेटवस्तू दर महिन्याला मोजायच्या, पैसा त्यांतच असतो. बारीकसारीक माल तीन महिन्यांतून एकदा, तोवर जुनाच आकडा धरायचा. आणि ढोबळ नफ्याची टक्केवारी भिंतीवर लिहायची. या दुकानात ती तिसाच्या आसपास राहायला हवी. एखाद्या महिन्यात एकदम बारा किंवा पंचावन्न आली, तर धंद्याला शिव्या द्यायच्या किंवा पेढे वाटायच्या आधी मोजणीची वही उघडायची. मोजणी बरोबर निघाली आणि तरी टक्का खाली असेल, तर मग बघायचं, की भाव पाडून विकलं का, खरेदी महागली का, की माल पाय फुटून चाललाय.

"पाय फुटून" म्हटल्यावर सगळ्यांनी पक्याकडे बघितलं. गेल्या दिवाळीपासून त्याच्या खिशाला जे निळं पेन आहे, ते रोहनच्या दुकानातलं आहे.

"सँपल होतं ते!" पक्या ओरडला.

"कुठल्या खात्यात टाकू?" रोहनने विचारलं. पोरगा आठवड्यात पहिल्यांदा हसला होता.

"किरकोळ," बंड्या आणि वैशालीताई एकदमच म्हणाले. मग कोणालाच काही बोलता येईना. चहावाल्याने कटिंगचे पैसे मागितले, तर पक्याने बिलावर सही करायला तेच पेन काढलं.