पॅन अन् लाईट बिलावर खातं का उघडत नाही

"पॅन कार्ड दिलं, लाईट बिल दिलं, ओळख अन् पत्ता दोन्ही झाले ना? तरी परत पाठवलं. १ स्टार."

भाऊ, खाडा करून भुसावळला आमच्या केंद्रावर आलात अन् काम झालं नाही, राग येणारच. पण नीट सांगतो, म्हणजे दुसऱ्या बँकेत गेलात तरी चक्कर वाया जाणार नाही.

पॅनवर फोटो आहे, जन्मतारीख आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं झाली ओळख. पण खात्याच्या केवायसीला रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेली कागदपत्रं म्हणजे आधार, मतदान कार्ड, लायसन्स, पासपोर्ट, सही असलेलं नरेगाचं जॉब कार्ड अन् एनपीआरचं म्हणजे राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र, त्यात पॅन नाहीच. ते टॅक्सच्या हिशोबासाठी वेगळं घेतात, नसलं तर फॉर्म ६० भरायचा. अन् या सहापैकी एकावर आत्ताचा पत्ता असला की ओळख अन् पत्ता दोन्ही त्याच्यातच होतात, दुसरा कागद शोधायचं कामच नाही.

मग लाईट बिल कधी? यातलं एक कार्ड तुमच्याकडे आहे पण त्यावरचा पत्ता जुना आहे तेव्हा, अन् तेही फक्त पत्त्यापुरतं. बिल २ महिन्यांच्या आतलं पाहिजे, अन् पुढच्या ३ महिन्यांत नवीन पत्ता टाकलेलं कार्ड बँकेला दाखवायचं असतं. तुम्ही आणलेलं बिल महावितरणचंच होतं, पण नाव घरमालकाचं अन् महिना चार महिन्यांपूर्वीचा, मग त्यावरून तुम्ही तिथे राहता हे आम्ही कसं धरणार? भाड्याने राहणाऱ्या पोरांचं इथेच अडतं, घरपट्टीची पावती पण चालते म्हणून सांगावं तर तीही मालकाच्याच नावाची निघते.

तुमचं काम खरं तर आधारवर होतं. त्यावर पारोळ्याकडचा गावचा पत्ता आहे म्हणून ते चालणार नाही असं तुम्ही धरून चाललात, काउंटरवरच्या पोराने मागितलं तरी "पत्ता जुना आहे" म्हणून निघून गेलात. आधारने अंगठा लावून ई-केवायसी केली अन् राहता पत्ता वेगळा असला, तर तो तुम्ही स्वतः लिहून सही करून देऊ शकता, नियमातच तशी सोय आहे, घरमालकाकडे काही मागायला जायची गरज नाही. फक्त सही करायच्या आधी फॉर्मवर पत्रव्यवहाराचा पत्ता भुसावळचा पडलाय का तेवढं बघा, नाहीतर एटीएम कार्ड पोस्टाने गावी जातं, घरी कोणी नसलं की परत फिरतं, अन् मग कार्ड आलं नाही म्हणून भांडण आमच्याशी.

आधार, पॅन अन् एक फोटो घेऊन या. बोटांना कामाचं ऑईल-ग्रीस असेल तर साबणाने धुवून या, तसल्या बोटाचा ठसा मशीन लवकर घेत नाही.