स्क्रीनशॉटच्या पट्ट्या आणि तुमचे वीस सेकंद: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. वरची पट्टी आणि खालची बटणं उडवायला एवढं पुराण? गॅलरीत एडिट दाबा, बोटाने वरखाली ओढा, सेव्ह करा, वीस सेकंदांचं काम. पिक्सेल मोजत बसायचं आणि लोकांना कमांडी शिकवायच्या, हे निव्वळ शायनिंग आहे. शिवाय बटणंच कापली तर नवख्या माणसाला मागे कसं जायचं ते कळणार कसं? आणि कापलेला भाग फाईलमध्ये राहतो म्हणे, त्याबद्दल एक अक्षर नाही." (एक वाचक, इंदिरानगर)

नमस्कार.

शिकवणीच्या लेखातल्या मोबाईल स्क्रीनशॉटमधून वरची घड्याळाची पट्टी आणि खालची बटणांची पट्टी मोजून कशी कापायची, यावर माझा मागचा लेख होता. वरची प्रतिक्रिया त्यावरची. आधी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. या ब्लॉगवर लोक मला खोडून काढतात, मी कोणाची प्रतिक्रिया उडवत नाही, तुमचीही ठेवली आहे. पण "शायनिंग" म्हणायची गरज नव्हती. मी रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात डीटीपी करत वर आलेला माणूस आहे. लग्नपत्रिकेची कड दोन मिलिमीटर जास्त कापली गेली की वरचा गणपती कसा दिसतो, आणि मग वधूचे वडील काउंटरवर काय काय बोलतात, ते मी उभं राहून ऐकलेलं आहे. कडेच्या बाबतीत मी हट्टी असेन तर तो हट्ट तिथला आहे. कमांडी येतात हे मिरवायला मला ब्लॉगची गरज नाही.

आता तुमचे वीस सेकंद. एका चित्राला वीसच लागतात, मान्य. सरावाच्या माणसाला दहाही पुरतील. पण शिकवणीच्या लेखात चित्र एक नसतं हो.

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष उत्पादक गटासाठी मी फवारणीची नोंद ठेवायच्या ॲपची पुस्तिका केली होती. चाळीसेक चित्रं होती. गटातल्या एका हुशार पोराने ती सगळी तुमच्याच पद्धतीने कापून पाठवली. एकेक उघडून पाहिलं तर कुठेच काही खटकत नव्हतं. एकाखाली एक लावली आणि तमाशा सुरू झाला. ॲपचं नाव असलेली हिरवी पट्टी एका चित्रात वरच्या कडेला चिकटलेली, दुसऱ्यात थोडी खाली, तिसऱ्यात तिच्या वर घड्याळाच्या आकड्यांची बुडं राहिलेली. मोबाईलवर पुढचं चित्र, मागचं चित्र असं सरकवलं की पट्टी उडी मारायची. वाचणाऱ्याचं लक्ष त्या उडीकडे जातं, आणि बदलला होता फक्त तारखेचा रकाना, तो सुटतो.

यात पोराचा दोष नाही. आजकालच्या ॲपमध्ये वरच्या पट्टीचा आणि ॲपच्या शीर्षकाचा रंग एकच असतो. मधे रेघच नाही, मग बोट थांबणार कुठे? त्यात बऱ्याच गॅलऱ्यांमध्ये बोट उचललं की चौकट आपोआप मोठी होऊन पडदा भरते, त्यामुळे मगाशी कुठे कापलं होतं याचा अंदाजही राहत नाही. म्हणून एकदाच मोजायचं आणि सगळ्या चित्रांना तोच आकडा लावायचा. तुम्ही ज्याला पिक्सेल मोजत बसणं म्हणता, ते एका फोनसाठी एकदा करायचं काम आहे. त्यानंतर तुमचे वीस सेकंद चाळीस चित्रांना मिळूनही लागत नाहीत.

मोजायचं कसं, ते पुन्हा सांगतो, कारण लेखाचा तो भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही. अँड्रॉइडमध्ये पट्ट्यांची उंची डीपी या मापात ठरते. साध्या पडद्यावर वरची पट्टी २४ डीपी आणि खालची तीन बटणांची पट्टी ४८ डीपी, हे नेहमीचं माप. पिक्सेल काढायला त्याला पडद्याच्या घनतेने गुणायचं आणि १६० ने भागायचं. त्या गटाचा फोन १०८० बाय २४०० चा, घनता ४२०. म्हणजे खालची पट्टी ४८ गुणिले ४२० भागिले १६०, बरोबर १२६ पिक्सेल. याच हिशेबाने वरची ६३ यायला हवी होती, पण तिथे हिशेबावर विसंबू नका. कॅमेऱ्याचं भोक पडद्यात असलं की कंपनी ती पट्टी हवी तेवढी उंच ठेवते. वरची पट्टी वेगळ्या रंगात दाखवणारं एखादं ॲप उघडून स्क्रीनशॉट घ्या, संगणकावर मोठा करा आणि रंग कुठे बदलतो ते पाहा. या फोनवर ते माप ९६ निघालं. २४०० मधून ९६ आणि १२६ गेले, उरले २१७८. आता सगळी चित्रं एका फोल्डरमध्ये, त्याच फोल्डरच्या आत `out` नावाचा रिकामा फोल्डर, आणि तिथूनच चालवायची इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामची ही एक ओळ:

```
magick mogrify -path out -crop 1080x2178+0+96 +repage *.png
```

`-path out` मुळे मूळ चित्रांना धक्का लागत नाही. `+repage` लिहिलं नाही तर पीएनजीत जुन्या कॅनव्हासची जागा नोंदलेली राहू शकते आणि काही प्रोग्राममध्ये चित्र ९६ पिक्सेल खाली सरकून बसतं. झालं. एवढीच ती कमांड, जिच्यावरून तुम्हाला एवढा राग आला.

हे कुठे फसतं तेही लिहितो, नाहीतर उद्या त्यावरूनही ऐकवाल. फोन आडवा धरून घेतलेल्या चित्रात तीन बटणं बहुधा बाजूला जातात, त्याला हा आकडा चालत नाही. लांबलचक स्क्रोल करून घेतलेल्या चित्राची उंची दर वेळी वेगळी, तिथे फक्त वरून कापायचं. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो व्हॉट्सॲपमुळे. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होऊन येतं, त्यावर ९६ चा आकडा लावला की शीर्षकाचा वरचा भागही जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं येतं. ओळखायची खूण सोपी आहे: चित्राची रुंदी १०८० भरत नसेल तर कापू नका, मूळ फाईल मागवा. शिवाय फोटो म्हणून आलेलं चित्र जेपीजी असतं. ते कापून पुन्हा जेपीजीत सेव्ह केलं की अक्षरांभोवती राखाडी धूर दिसायला लागतो. इंग्रजीत तो खपून जातो, आपल्याकडे आधी अनुस्वार आणि रफार चिखलात जातात. त्या पुस्तिकेत औषधांच्या नावांवरचे अनुस्वार असेच गेले असते आणि बागायतदारांनी मला फोन करून करून हैराण केलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी बोटाने ओढणाऱ्याला कधीच कळत नाही. अँड्रॉइड १५ साठी बांधलेली ॲप आता पट्ट्यांच्या मागेही आपला मजकूर काढतात. म्हणजे तीन बटणांच्या मागून यादीतली एक ओळ अर्धवट दिसते. आकड्याने कापलं तरी ती ओळ मधोमध फाटते, आणि वाचणाऱ्याला वाटतं आपल्याच फोनवर चित्र अर्धं आलं. यावर कापताना इलाज नाही, स्क्रीनशॉट घेतानाच आहे. यादी थोडी वर सरकवायची, दोन ओळींमधली मोकळी जागा बटणांच्या पट्टीच्या वरच्या कडेवर आणायची आणि मग फोटो घ्यायचा. मी हे प्रत्येक चित्राला करतो. याला तुम्ही जे म्हणायचं ते म्हणा.

मागे जायच्या बटणाचा मुद्दा. अहो, ज्याच्या हातात फोन आहे त्याच्या फोनवर ते बटण आहेच की! माझ्या चित्रात तीन बटणं आणि त्याच्या फोनवर नुसती पातळ रेघ असेल तर तो उलट ती तीन बटणं शोधत बसेल. मी बटणं ठेवायचो तेव्हा माझी आई पंचवटीतून मला फोन करून विचारायची, "तुझ्या चित्रातला त्रिकोण माझ्याकडे का नाही?" मागे जायचं असतं तिथे मी ओळीत लिहितो. बस.

राहिला फाईलचा मुद्दा. तो तुम्ही बरोबर काढलात, हे खुल्या मनाने सांगतो. मार्च २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअप या संपादकातली खोट उघड झाली होती. कापलेलं चित्र जुन्याच फाईलवर लिहिलं जायचं, पण जुन्या फाईलचं शेपूट छाटलं जात नव्हतं, त्यामुळे कापलेल्या भागातलं बरंचसं परत काढता येत होतं. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही त्याच महिन्यात तसलंच सापडलं. दोन्ही दुरुस्त झालं, पण तेव्हा कापून टाकलेली जुनी चित्रं आजही तशीच आहेत. आणि वर्डमध्ये चित्र कापलं तर ते नुसतं झाकलं जातं. कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन कापलेला भाग काढून टाकायला सांगेपर्यंत तो डॉक्युमेंटमध्येच राहतो. पण गंमत बघा, या दोन्ही गोष्टी कोणाच्या बाजूने जातात? वर दिलेली ओळ नवीन फाईल लिहिते, तिच्यात जुनं शेपूट राहायचा प्रश्नच येत नाही. धोका होता तो एडिट दाबा, ओढा, सेव्ह करा यातच. तेव्हा स्वतःचा मुद्दा स्वतःच्याच पद्धतीवर आदळलाय, एवढं तरी बघा.

सॅमसंगवाल्यांना तर यातलं काहीच करावं लागत नाही. सेटिंगमधल्या ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये स्क्रीनशॉटच्या पानावर दोन्ही पट्ट्या लपवायचं बटण आहे, ते सुरू केलं की चित्र स्वच्छच येतं. तुम्ही वीस सेकंदांऐवजी हे सुचवलं असतं तर मी लेखात वर घेतलं असतं, नावानिशी.

आणि वरची पट्टी दाखवावीच लागते, समजा विमान मोड शिकवायचाय, तर ती कापू नका, साफ करा. डेव्हलपर ऑप्शन आणि त्यातलं यूएसबी डिबगिंग सुरू करून फोन केबलने संगणकाला जोडायचा आणि फोनला संगणकावरून हुकूम देणाऱ्या adb या प्रोग्रामने:

```
adb shell settings put global sysui_demo_allowed 1
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command clock -e hhmm 1000
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command notifications -e visible false
```

घड्याळ दहावर थांबतं, नोटिफिकेशनची चिन्हं जातात. काम झालं की शेवटच्या ओळीत `notifications -e visible false` च्या जागी `exit` लिहून ती पुन्हा चालवा, नाहीतर दिवसभर फोनवर दहाच वाजलेले दिसतील आणि त्याचीही तक्रार इथेच येईल.