धागा कुठून निघतो?

सोसायटीच्या गणपतीत वेशभूषा स्पर्धा असते. नावं द्यायची मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी ओजसने जाहीर केलं की तो स्पायडरमॅन होणार. ओजस माझा भाचा, वय वर्षं नऊ. ताई म्हणाली, "मामाला सांग, त्याला सगळं माहितीये." ही स्तुती आहे असं समजून मी हो म्हणालो. काम गळ्यात पडायचं असलं की आमच्या घरात माझी अशीच स्तुती होते.

पोशाखाची काळजी नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी तुळशीबागेत गेलो. पहिल्या दुकानदाराने मान वर न करता "संपला" एवढंच सांगितलं. दुसऱ्याने "हनुमान न्या, गदा फुकट" असा सल्ला दिला. तिसऱ्याकडे मिळाला, छातीला स्पंजचे स्नायू शिवलेला. पण घरी आल्यावर ओजसने तो आडवातिडवा घालून पाहिला, आरशासमोर उभा राहिला आणि विचारलं, "मामा, धागा कुठून निघणार?"

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मी अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत वाढलेला माणूस. म्हटलं, यंत्रातून. 1962 च्या ऑगस्टच्या कॉमिकच्या अंकात लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी हा पोरगा पहिल्यांदा आणला, तेव्हा त्याला चावला होता किरणोत्सर्गी कोळी. त्या चाव्यातून ताकद मिळाली, भिंतीवर चढणं मिळालं. धागा मात्र मिळाला नाही. तो त्याने स्वतः घरी बसून बनवला. मनगटावर बांधायचं यंत्र, आत चिकट द्रव. म्हणजे ताकद फुकटची, पण धागा स्वकष्टार्जित.

"पण सिनेमात तर हातातूनच निघतो," ओजस म्हणाला.

सिनेमातही तो सगळीकडे हातातून निघत नाही, पण ओजसने पाहिला होता 2002 चा. दिग्दर्शक सॅम रायमींच्या या सिनेमात कोळी किरणोत्सर्गी नाही, प्रयोगशाळेत जनुकं बदललेला आहे आणि धागा थेट मनगटातून येतो. यंत्र गायब. याचं समर्थन असं करतात की शाळकरी मुलाने, तेही गरीब घरातल्या, जगात कुणालाच न जमलेला डिंक एका खोलीत बनवला हे पडद्यावर पटत नाही. कोळी चावून माणूस छताला चिकटतो, ते पटतं. डिंक पटत नाही. असो.

आई इतका वेळ वाती वळत ऐकत होती. ती म्हणाली, "कोळ्याचा धागा हातातून कधी निघायला लागला? मागून निघतो. पोटाच्या टोकातून."

शास्त्रीयदृष्ट्या आईचंच बरोबर होतं. पण वेशभूषा स्पर्धेत तो पर्याय विचारात घेण्यासारखा नव्हता.

मी ओजसला समजावलं की यंत्रात गंमत आहे, कारण यंत्रातला द्रव संपतो. नेमका दोन इमारतींच्या मध्ये लटकताना संपतो. कॉमिकमध्ये कितीतरी वेळा गोष्ट तिथेच रंगात येते. धागा अंगातून येऊ लागला की तो संपणार कसा? रायमींनाही दुसऱ्या भागात ही अडचण आली असावी, कारण तिथे धागा येईनासा होतो तो मन खचल्यामुळे. म्हणजे दुकानात जाऊन सुटणारा प्रश्न होता, तो मानसोपचाराचा झाला. गंमत म्हणजे 2004 मध्ये कॉमिकवाल्यांनीही काही काळ त्याला अंगातून धागा दिला, आणि 2012 च्या सिनेमाने पुन्हा मनगटावर यंत्र चढवलं. घरचा पत्ता बदलून दिल्यावर पोस्टमनच नवीन जागी राहायला यावा आणि आपण जुन्या घरी परत जावं, तसं.

ओजस या सगळ्यात एवढंच ऐकत होता की यंत्र मिळणार.

वाढदिवसाला एकमेकांच्या तोंडावर मारतात तो रंगीत दोऱ्यांचा स्प्रे आणला. डबा हाताच्या आतल्या बाजूला आडवा ठेवला, बटण तळव्याकडे, वर क्रेप बँडेज. मधली दोन बोटं वळवून दाबलं की धागा. पहिल्याच प्रयोगात धागा समोर न जाता काटकोनात खाली, आईच्या वातींवर पडला, कारण त्या डब्याचं तोंड बाजूला असतं हे मी विसरलो होतो. मग शीतपेयाची वाकणारी नळी चिकटपट्टीने तोंडाला लावली आणि धाग्याला वळण दिलं. सलग दाबलं की डबा गारेगार होतो आणि जोर ओसरतो, म्हणून ओजसला सांगितलं, थोडं थोडं मारायचं. तो म्हणाला, "मामा, म्हणजे आपलाही द्रव संपतो." मला भरून आलं.

त्या बोटांविषयी एक गोष्ट मला कधीपासून खुपते. अंगठा, तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं आत, ही मुद्रा यंत्राच्या तळव्यावरच्या बटणासाठी आहे. 2002 च्या सिनेमात बटणच नाही, तरी मुद्रा राहिली. गच्चीवर उभा राहून तो पोरगा नाना तऱ्हेने हात वेडेवाकडे करतो आणि शेवटी नेमक्या याच मुद्रेला धागा सुटतो. वाड्याचं दार गेलं, तरी आमचे आजोबा उंबरा असल्यासारखा पाय उचलून टाकत, त्यातला प्रकार.

आणि कॉमिकमधलं बटण एकदा दाबून चालत नाही, दोनदा दाबावं लागतं. नाहीतर गुद्दा मारायला मूठ वळली तरी धागा सुटेल. हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. ओजसच्या यंत्रात मी ते केलं नाही.

रविवारी संध्याकाळी स्टेजवर ओजसचं नाव पुकारलं. ताईने लिहून दिलेलं भाषण जनुकांचं होतं, माझं किरणोत्सर्गाचं. त्याने "मला एक कोळी चावला" एवढ्यावर दोघांना निपटवलं. मग सूत्रसंचालिकेने त्याच्या हातात माइक दिला. उजव्या हातात. माइक धरायला मूठ वळावी लागते.

पहिल्या रांगेत परीक्षक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या, मोतिया रंगाच्या रेशमी साडीत. ओजस बोलत होता आणि धागा येत होता. घाबरून त्याने माइक आणखी घट्ट धरला. बाईंनी आधी चष्मा काढला, मग पदर सावरला, मग दोन्ही सोडून दिलं. पहिलं बक्षीस वासुदेवाला गेलं.

अध्यक्षांनी मला स्टेजमागे गाठलं. मांडवाच्या कनातीवर, लायटिंगच्या माळांवर, अगदी आरतीच्या तबकापर्यंत हिरवे दोरे लोंबत होते.

"हे कोण काढणार?"

कॉमिकमध्ये त्या पोराचा धागा साधारण तासाभरात आपोआप विरघळतो. 1964 मध्ये पैशांची चणचण भासली तेव्हा तो हा डिंक एका कंपनीला विकायलाही गेला होता, आणि टिकत नाही म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. मी बोलून गेलो, "काका, एक तास थांबा."

काका घड्याळ लावूनच बसले. साडेनऊला आरती झाली, प्रसाद झाला, खुर्च्या रचून झाल्या. साडेदहाला त्यांनी कनातीवरचा एक दोरा नखाने ओढून पाहिला. तो निघाला, पण त्याच्याबरोबर कनातीचा रंगही निघाला.

"झाला तास," ते म्हणाले आणि शिडी माझ्याकडे सरकवली.

खालून ओजस ओरडला, "मामा, भिंतीवरून चढ ना!"