कॅपॅसिटर लावला तरी रिले गुरगुरतोच

"एलडीआरसाठी कंपॅरेटरला हिस्टेरेसिस, श्मिट ट्रिगर वगैरे करत बसू नका, जुना प्रकार आहे तो. १०० मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर टाका, सिग्नल स्मूथ होतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनमध्ये श्मिट असतोच, उरलेलं कोडमधल्या डिबाउन्सने जातं. हिस्टेरेसिसने उलट अ‍ॅक्युरसी जाते."

हे असंच्या असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवलंय, आणि त्यातल्या एकाच्या भांडुपच्या सोसायटीत जिन्यातला दिवा रोज संध्याकाळी लागायच्या आधी थोडा वेळ घुर्रर्र करतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. कंपॅरेटर म्हणजे दोन व्होल्टेजपैकी मोठं कुठलं ते सांगणारी चिप, हिस्टेरेसिस म्हणजे तिची लागायची लेव्हल आणि बंद व्हायची लेव्हल मुद्दाम वेगळी ठेवणं, आणि श्मिट ट्रिगर म्हणजे ही सोय आतच असलेलं सर्किट. तीच सर्किट धरून बोलतो म्हणजे हवेत काही राहणार नाही. लॅमिंग्टन रोडवर मिळतो तो निळा एलएम३९३वाला एलडीआर मॉड्यूल, पुढे ५ व्होल्टचा रिले, सगळं एकाच मोबाईल चार्जरवर. एलडीआर, म्हणजे अंधारात रेझिस्टन्स वाढणारा सेन्सर, वर, १० किलोओहमचा रेझिस्टर खाली, मधल्या जोडावरचा व्होल्टेज अंधार पडेल तसा उतरतो. तो २.५ व्होल्टच्या रेफरन्सखाली गेला की दिवा लागायला हवा.

आधी कॅपॅसिटर. मुंबईत सूर्य मावळल्यावर अंधार पटकन पडतो असं आपल्याला वाटतं, पण सर्किटच्या हिशोबात ते फार म्हणजे फारच हळू आहे. समजा जोडावरचा व्होल्टेज अर्ध्या तासात ४ वरून १ व्होल्टला आला, तर सेकंदाला जेमतेम १.७ मिलीव्होल्ट. आता जिन्यातल्या ट्यूबचा आणि चार्जरचा मिळून २० मिलीव्होल्टचा १०० हर्ट्झ रिपल त्यावर बसलाय असं धरा. म्हणजे सिग्नल साधारण १२ सेकंद रेफरन्सच्या आसपासच घुटमळणार, आणि या १२ सेकंदांत रिपल शंभराच्या वेगाने त्याला वरखाली नेणार, हजारभर वेळा आउटपुट उलटसुलट. कंपॅरेटरची यात काही चूक नाही हो, त्याला जे दिसतंय ते तो प्रामाणिकपणे सांगतोय.

इथे १०० मायक्रोफॅरड टाकला तर रिपल खरंच मरतो, ते मी नाकारत नाही. संध्याकाळी त्या वेळेला एलडीआर पण १० किलोओहमच्या आसपास असतो, दोन्ही मिळून जोडाचा रेझिस्टन्स ५ किलोओहम, टाइम कॉन्स्टंट अर्धा सेकंद, त्यात १०० हर्ट्झचं काही उरत नाही. मग गुरगुर का राहते? कारण ती आता रिपलची नसतेच, ती रिले स्वतः करतोय.

रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे लागला की ७० मिलीअँपियर ओढतो. स्वस्त चार्जर आणि बारीक वायर मिळून अर्धा ओहम धरला तरी सप्लाय ३५ मिलीव्होल्ट बसतो. रेफरन्स त्याच सप्लायमधून अर्धा करून घेतलाय, तो लगेच १८ मिलीव्होल्टने खाली येतो. कॅपॅसिटर नव्हता तेव्हा एलडीआरचा जोडसुद्धा तेवढाच खाली यायचा, दोघांत फरक पडायचा नाही. आता कॅपॅसिटरने तो जोड जागच्या जागी धरून ठेवला, त्यामुळे कंपॅरेटरला वाटतं की अरे, सिग्नल परत रेफरन्सच्या वर गेला, उजाडलं! रिले सोडतो, सप्लाय वर येतो, रेफरन्स वर येतो, पुन्हा अंधार, पुन्हा रिले. हे पाच-दहा सेकंद चालतं आणि रोज चालतं, आणि काही महिन्यांत रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. म्हणजे एक रोग बरा करून दुसरा घेतला. मॉड्यूलवरचा एलईडी त्या वेळी धड लागलेला नाही धड विझलेला नाही, अर्धवट मिणमिणताना दिसला की समजायचं आउटपुट फडफडतंय.

पिनमधला श्मिट. एटीमेगा३२८पीच्या, म्हणजे साध्या आर्डुइनोच्या पिनमध्ये तो आहे, खरंय. पण डेटाशीट हमी कशाची देतं ते बघा: सप्लायच्या ०.३ पटीखाली असेल तर लो, ०.६ पटीवर असेल तर हाय. ५ व्होल्टला हे १.५ आणि ३ व्होल्ट झाले, आणि त्या मधल्या दीड व्होल्टात पिन नेमकी कुठे उलटेल हे तुमच्या हातातल्या चिपवर आणि तिच्या तापमानावर. हिस्टेरेसिसचा फक्त टिपिकल ग्राफ दिलेला असतो. तुम्हाला दिवा किती अंधारात लागावा हे ठरवायचंय ना, मग तो पॉइंट पिनवर सोडून कसं चालेल. वेगळी ७४एचसी१४ ही श्मिट चिप लावली तरी हेच, एका चिपचा थ्रेशोल्ड दुसरीशी जुळत नाही. बटणासाठी, लांब वायरवरून आलेल्या पल्ससाठी ती झकास आहे, लेव्हल मोजायला नाही. आणि श्मिट नसलेल्या साध्या एचसी गेटला तर असला हळू सिग्नल देऊच नका, त्याला ४.५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० नॅनोसेकंदांचा चढ-उतार चालतो, इथे अर्धा तास आहे!

डिबाउन्स. यात पहिली गंमत म्हणजे या सर्किटमध्ये रिले कंपॅरेटरच्या आउटपुटवरूनच चालतो, कोड नसतोच. पण समजा मध्ये मायक्रोकंट्रोलर आहे आणि ५० मिलीसेकंद सिग्नल स्थिर राहिला तरच मानायचं असा कोड आहे. १०० हर्ट्झच्या फडफडीला तो बरोबर अडवेल. पण वर सांगितलेला सप्लायवाला खेळ त्याच्या हातून सुटतो, कारण रिले लागला की कॅपॅसिटरमुळे खोटं उजाडणं ५० मिलीसेकंद आरामात टिकतं. मग रिले ५० मिलीसेकंद चालू, ५० बंद, सेकंदाला दहादा खटखट. आधी गुरगुरत होता, आता टाइपरायटर झाला. डिबाउन्स वेळ मोजतो, लेव्हल नाही, आणि गडबड आउटपुटमुळेच होत असेल तर तो फक्त तिचा वेग कमी करतो.

हां, एलडीआर थेट मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीवर, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या पिनवर घेतला असेल तर कंपॅरेटर काढून टाका, माझी काही हरकत नाही, कोडमध्ये दोन लेव्हल ठेवा. दहा बिटांवर, ५ व्होल्टला:

```c
if (!lamp && v < 497) lamp = true;
else if (lamp && v > 528) lamp = false;
```

फक्त मग हिस्टेरेसिस लागत नाही असं म्हणू नका, कारण हीच ती.

आता अ‍ॅक्युरसी, आणि त्यासाठी आधी हिस्टेरेसिस लावून बघू. सिग्नल कंपॅरेटरच्या मायनसला, रेफरन्स प्लसला. रेफरन्ससाठी दोन १० किलोओहम, ५ व्होल्ट ते ग्राउंड, आणि आउटपुटवरून प्लसला १५० किलोओहमचा एक फीडबॅक रेझिस्टर, बस. एलएम३९३चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, तो फक्त खाली ओढू शकतो, म्हणून ४.७ किलोओहमचा पुल-अप ५ व्होल्टला हवाच. तो विसरलात तर आउटपुट वर जातच नाही आणि मग लोक म्हणतात हिस्टेरेसिस चालत नाही. उजेड असताना आउटपुट लो, प्लस पिन २.४३ व्होल्टवर. सिग्नल उतरत उतरत त्याखाली गेला की आउटपुट हाय, आणि त्याच क्षणी प्लस पिन २.५८ला उडी मारते. आता परत बंद व्हायला सिग्नलला १५० मिलीव्होल्ट वर चढावं लागेल. २० चा रिपल आणि १८ चा सप्लायचा धक्का एकत्र आले तरी ४० च्या आत, त्यामुळे एकदा लागला की लागला. कॅपॅसिटर फेकून देऊ नका, पण १ मायक्रोफॅरड पुरे.

फीडबॅक एलडीआरच्या बाजूला देऊ नका, कारण तिथे एलडीआरचा स्वतःचा रेझिस्टन्स हिशोबात घुसतो. सिग्नल १० किलोओहममधून प्लसला आणि ४७० किलोओहमचा फीडबॅक, हे कागदावर १०० मिलीव्होल्ट दिसतं, पण जोडाचे ५ किलोओहम त्यात मिळवले की १६० होतं. कोणी जास्त अंधारात लावायचं म्हणून खालचा रेझिस्टर १०० किलोओहमचा केला की ६०० च्याही वर जातं, आणि मग सकाळी दिवा विझायचं नावच घेत नाही.

तर १५० मिलीव्होल्टमुळे काय बिघडलं? सेकंदाला १.७ च्या हिशोबाने दिवा संध्याकाळी पाऊण मिनिट उशिरा लागणार आणि सकाळी पाऊण मिनिट उशिरा विझणार. हिस्टेरेसिस नव्हती तेव्हा काय फार अचूक होतं, त्या १२ सेकंदांत कधी लागायचं ते नॉइज ठरवत होता. आणि संध्याकाळची वेळ अगदी नेमकी हवीच असेल तर पॉट फिरवताना २.५ कडे बघू नका, जिथे लागायला हवा तिथे २.४३ आणा, सगळी रुंदी सकाळच्या बाजूला ढकला, सकाळी दीड मिनिट इकडचं तिकडे कोण बघतंय.

किती हिस्टेरेसिस ठेवायची हे माझा आकडा उचलून नका ठरवू. रिले आणि जिन्यातले सगळे दिवे चालू असताना जोडावर स्कोप लावा, नसेल तर एडीसीने मिनिटभर किमान-कमाल घ्या, एकदा रिले चालू, एकदा बंद. जो सर्वात मोठा फरक दिसेल त्याच्या तीनेक पट ठेवा.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांसाठी एक. तिची पिन ५ व्होल्ट सहन करत नाही म्हणून पुल-अप ३.३ला जाणार, बरोबरच आहे, पण मग आउटपुटची उडी लहान होते आणि वरची लेव्हल २.५८ ऐवजी साधारण २.५२ला येते, खालची तिथेच. १५० चे १०० राहिले. हवे असतील तर १५० किलोओहमच्या जागी १०० किलोओहम लावा.

आणि एवढं सगळं करूनही दिवा एक-दोन सेकंदांनी लाग-बंद करत असेल तर ते इलेक्ट्रॉनिक्स नाही, दिव्याचा उजेड एलडीआरवर पडतोय. तो उजेड जोडाला सहज पाव-अर्धा व्होल्ट हलवतो, १५० मिलीव्होल्ट तिथे पुरत नाहीत आणि एवढी वाढवत बसण्यात अर्थ पण नाही. एलडीआरला काळ्या नळीचा तुकडा चढवा आणि तोंड आकाशाकडे करा. जूनमधल्या ढगांचं पण तसंच, दुपारी काळोख करून पाच मिनिटांत उघडणारं आभाळ हिस्टेरेसिसला खरीखुरी संध्याकाळच वाटतं, तिथे कोडमध्ये दहा मिनिटांचा डिले टाकायचा.